वाळूचं फेज घेतलं, मग वाळू गेली कुठे?

प्रश्न: एकाच मापाचे दोन करडे फोटो घेतले, दोघांचं फूरिये रूपांतर केलं आणि एकाचं मॅग्निट्यूड दुसऱ्याच्या फेजला जोडून उलट रूपांतर केलं. मांजर आणि जिना या जोडीत सगळे सांगतात तसंच झालं, फेज ज्याचं चित्र त्याचं. पण मांजर आणि वाळू (जवळून काढलेला फोटो) घेतल्यावर मांजराचं मॅग्निट्यूड + वाळूचं फेज यात वाळू दिसतच नाही, ढग दिसतात. शिवाय आडव्या-उभ्या पुसट रेघा आहेत. माझा कोड चुकलाय, की 'सगळं फेजमध्येच असतं' हे वाक्य चूक आहे?

उत्तर:

तुमचा कोड बहुधा बरोबर आहे. ते वाक्य मात्र अर्धवट आहे आणि वाळूच्या फोटोने त्याचा राहिलेला अर्धा भाग उघडा पाडला. तरी आधी कोडची खात्री करून घेऊ, कारण चुकलेल्या कोडमधूनही ढगच निघतात आणि मग माणूस भलत्याच गोष्टीचं स्पष्टीकरण शोधत बसतो.

मी हे असं लिहितो:

```python
import numpy as np

def adlabadal(a, b):        # a चं मॅग्निट्यूड, b चं फेज
    A, B = np.fft.fft2(a), np.fft.fft2(b)
    y = np.fft.ifft2(np.abs(A) * np.exp(1j * np.angle(B)))
    print(a.mean(), y.real.mean())
    print(a.std(), y.real.std())
    print(np.abs(y.imag).max())
    return y.real
```

छापलेल्या आकड्यांत पहिल्या दोन ओळींतल्या जोड्या तंतोतंत जुळायला हव्यात. नव्या चित्राचा सरासरी उजेड शून्य वारंवारतेच्या सहगुणकावरून ठरतो, आणि तो मॅग्निट्यूड देणाऱ्याकडूनच येतो. प्रमाण विचलन, म्हणजे चित्रातला एकूण उठाव, हा बाकी सगळ्या मॅग्निट्यूडच्या वर्गांच्या बेरजेवर ठरतो, आणि फेज कितीही फिरवलं तरी ती बेरीज हलत नाही. म्हणून मांजराचं मॅग्निट्यूड घेतलं तर ढगांची सरासरी आणि प्रमाण विचलन मांजराच्या फोटोइतकंच आलं पाहिजे. तसं आलं नाही, तर कुठेतरी fftshift एकाच बाजूला लागलंय किंवा मॅग्निट्यूडचा लॉग घेतलेलाच पुढे वापरलाय. तिसरी ओळ काल्पनिक भागाची. फोटोंच्या बाबतीत ती शून्याच्या अगदी जवळ हवी. ती मोठी आली तर काय समजायचं, ते खाली येईलच.

एक चूक या तपासणीत पकडली जात नाही, कारण ती नंतर होते. अदलाबदलीनंतर काही पिक्सेल ऋण होतात आणि काही २५५ च्या वर जातात. ते थेट uint8 मध्ये ढकलले तर ऋण किमती सहसा उलट्या फिरून वर येतात, म्हणजे −२० चे २३६ होतात आणि काळ्या भागात पांढरे ठिपके उठतात. काही जण ऋण किमती टाळण्यासाठी शेवटी real ऐवजी abs घेतात. त्याने ऋण भाग घडी घातल्यासारखा वर येतो आणि गडद जागा उजळतात. real घ्या, आणि दाखवताना १ ते ९९ शतमक एवढा पट्टा ताणा.

आता मूळ मुद्दा. फोटोंची भानगड बाजूला ठेवून हे चार आकड्यांवर करून पाहिलं, की पुढचं सगळं सोपं जातं. निदान मला तरी ते तसंच समजलं होतं.

क = [१, ३, ०, ०] आणि ख = [०, ०, ३, १] घ्या. दोघांचं चार बिंदूंचं फूरिये काढलं तर मॅग्निट्यूड येतात ४, ३.१६, २, ३.१६. दोघांचेही हेच! म्हणजे नुसत्या मॅग्निट्यूडकडे पाहून क कोणता आणि ख कोणता हे सांगता येत नाही. उंचवटा डावीकडे आहे की उजवीकडे, आधी १ मग ३ की आधी ३ मग १, हे सगळं फेजमध्ये आहे. या दोघांची अदलाबदल केली तर फेज ज्याचं तोच शंभर टक्के परत मिळतो, कारण बदलण्यासारखं दुसरं काही उरलेलंच नाही.

तिसरा ग = [२, २, ०, ०] घ्या. याचे मॅग्निट्यूड ४, २.८३, ०, २.८३. आता ग चं मॅग्निट्यूड आणि ख चं फेज जोडा. उत्तर येतं [−०.३४, ०.५५, २.३४, १.४५]. हे ख सारखं दिसतं का? हो. सर्वांत मोठा आकडा तिसऱ्या जागी, त्याखालचा चौथ्या जागी, पहिले दोन लहान. उंचवट्याची जागा ख चीच आहे, फक्त तो जरा पसरट झालाय, कारण ग मध्ये एकाआड एक चढउतार होणारी वारंवारता शून्य होती आणि ख ची धार तिच्यामुळे येत होती. एक ऋण आकडाही आलाय. वरचे पांढरे ठिपके याच ऋण आकड्यांतून येतात.

आता उलटं करा, ख चं मॅग्निट्यूड आणि ग चं फेज. इथे अडचण आहे. ग च्या तिसऱ्या सहगुणकाचं मॅग्निट्यूड शून्य आहे, आणि शून्याला दिशा नसते. np.angle तरीही काहीतरी सांगतोच, सहसा ०. ते मानलं तर उत्तर [२.६२, १.६२, ०.३८, −०.६२]. तिथे π मानला तर [१.६२, २.६२, −०.६२, ०.३८]. एका निरर्थक कोनावर पहिला आकडा मोठा की दुसरा, हे ठरलं. मूळ ग मध्ये तर दोघे समान होते. हे लक्षात ठेवा, याने मला एकदा चांगलंच फसवलंय.

चार आकड्यांवरून दिसतं ते एवढंच की कुठे काय आहे, हे फेज सांगतं. चित्र सरकवलं तर मॅग्निट्यूड तसूभरही बदलत नाही, फक्त फेज बदलतं (एका कडेने बाहेर गेलेलं दुसऱ्या कडेने आत येतं असं धरून). चित्रातली कडा म्हणजे ज्या जागी असंख्य लहरी एकाच टप्प्यावर येऊन एकदम चढतात ती जागा. लहरी किती उंच आहेत यापेक्षा त्या तिथे एकत्र येतात की नाही, यावर कडा टिकते. म्हणून फेज विस्कटलं की कडा पहिल्यांदा जातात. मॅग्निट्यूड बदललं तर कडा जागच्या जागी राहतात, बोथट किंवा जास्त टोकदार होतात एवढंच.

पण मग मांजर आणि जिना यांत इतकं स्वच्छ उत्तर का आलं? यात दोन वेगळी कारणं मिसळलेली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ती एकच असल्यासारखी सांगितली जातात.

पहिलं कारण निव्वळ गणिताचं आहे, त्याचा फोटोंशी संबंध नाही. प्रत्येक सहगुणक हा एक बाण समजा. त्याची लांबी म्हणजे मॅग्निट्यूड, दिशा म्हणजे फेज. दिशा बरोबर ठेवून लांबी चुकवली, तरी बाण खऱ्या बाजूलाच जातो, थोडा कमी किंवा थोडा जास्त. लांबी बरोबर ठेवून दिशा चुकवली, तर निम्मे बाण उलट्या बाजूला ओढतात आणि सगळ्यांची बेरीज शून्याकडे जाते. म्हणजे ही लढत मुळात समान पातळीवरची नाही. मॅग्निट्यूड कधीच ऋण होत नाही, म्हणून ते कितीही चुकलं तरी पूर्ण विरोधात जाऊ शकत नाही. हे पाहायला फोटोसुद्धा लागत नाहीत:

```python
a, b = np.random.randn(2, 512, 512)
y = adlabadal(a, b)
print(np.corrcoef(y.ravel(), b.ravel())[0, 1])
print(np.corrcoef(y.ravel(), a.ravel())[0, 1])
```

दोन्हीकडे निव्वळ गोंगाट आहे, एकही कडा नाही, एकही वस्तू नाही. तरी फेज देणाऱ्याशी सहसंबंध ०.७८५ च्या आसपास येतो आणि मॅग्निट्यूड देणाऱ्याशी शून्याच्या आसपास. पहिला आकडा योगायोगाचा नाही, तो π/४ आहे. अशा गोंगाटाच्या सहगुणकांचा वास्तव आणि काल्पनिक भाग दोन्ही गाउसीय असतात. त्यांच्या लांबीच्या सरासरीचा वर्ग भागिले लांबीच्या वर्गाची सरासरी, हे गुणोत्तर π/४ निघतं. सांगायचा मुद्दा हा, की 'फेज जिंकतं' हे पिक्सेलच्या हिशेबात गोंगाटालाही लागू आहे. तेवढ्यावरून फोटोंबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसरं कारण मात्र फोटोंचं स्वतःचं आहे. नेहमीच्या फोटोंचे मॅग्निट्यूड एकमेकांसारखेच असतात. घर असो, झाड असो, चेहरा असो, वारंवारता दुप्पट केली की मॅग्निट्यूड साधारण निम्मं होतं. १९८७ मध्ये डेव्हिड फील्ड यांनी निसर्गातल्या दृश्यांवर मोजमाप करून हा उतार दाखवला, आणि तेव्हापासून तो १/f उतार म्हणून ओळखला जातो. कुठल्याही एका फोटोत तो नेमका तसाच येतो असं नाही, दिशेनुसारही बदलतो, पण ढोबळ आकार तोच. त्यामुळे मांजराला जिन्याचं मॅग्निट्यूड दिलं, तेव्हा तुम्ही मांजराला त्याच्या मापाचाच दुसऱ्याचा सदरा घातलात. तो थोडा सैल-घट्ट झाला, पण मांजर ओळखू आलं. ॲलन ओपनहाइम आणि जे लिम यांचा १९८१ चा लेख, ज्याच्यामुळे हा प्रयोग घरोघरी पोचला, त्यातली उदाहरणं पाहिली तरी हेच ध्यानात येतं.

हे पडताळायला दोन छोटे प्रयोग करा. मांजराचं फेज ठेवा आणि मॅग्निट्यूडच्या जागी जिना न वापरता नुसतं १/f भरा (शून्य वारंवारतेला मांजराचीच किंमत ठेवा, नाहीतर भागाकार फसेल). चित्र बऱ्यापैकी नीट येईल, कधीकधी जिन्याच्या मॅग्निट्यूडपेक्षा स्वच्छ, कारण जिन्याच्या पायऱ्यांच्या ठरावीक अंतरामुळे येणारी भुतावळ त्यात नसते. मग मॅग्निट्यूडच्या जागी सगळीकडे १ भरा. आता मांजर पेन्सिलच्या रेघांसारखं दिसेल, मिशा आणि कानांच्या कडा ठळक, अंगाची छटा गायब. सगळीकडे १ भरणं म्हणजे १/f उतार सपाट करणं, म्हणजेच उंच वारंवारता प्रमाणाबाहेर वाढवणं. फेज दोन्ही वेळा तेच. दोन चित्रांतला सगळा फरक मॅग्निट्यूडचा, आणि तो फरक कमी नाही.

आता वाळू. जवळून काढलेल्या, एकसारख्या उजेडातल्या वाळूत दोन गोष्टी फोटोपेक्षा वेगळ्या असतात. तिचं मॅग्निट्यूड १/f सारखं झपाट्याने उतरत नाही. कणांच्या आकाराशी जुळणाऱ्या वारंवारतेपर्यंत ते बरंचसं सपाट राहतं आणि मग खाली येतं. आणि तिचं फेज जवळजवळ यादृच्छिक असतं. कण इकडे-तिकडे विखुरलेले, कुठेच लांब कडा नाही जिथे लहरी एकत्र येतील. हे फेज मांजराच्या उताराला जोडलं की तयार होतं १/f उताराचं यादृच्छिक चित्र. मोठ्या लहरी जोरात, लहान लहरी क्षीण, आणि कोणी कोणाशी जुळलेलं नाही. डोळ्याला ते ढगांसारखं दिसतं. ज्या कार्यक्रमांत कृत्रिम ढग बनवतात, त्यांतल्या कित्येकांची कृती अगदी हीच असते.

तर मग वाळू कुठे गेली? ती तिथेच आहे, ढगांखाली. खात्री करायची असेल तर ढगांच्या चित्राला वारंवारतेने गुणा, म्हणजे मांजराचा उतार साधारण सपाट होईल:

```python
fy = np.fft.fftfreq(y.shape[0])[:, None]
fx = np.fft.fftfreq(y.shape[1])
s = np.fft.ifft2(np.fft.fft2(y) * np.hypot(fx, fy)).real
```

वाळू वर येईल. जरा खरखरीत, पण तेच कण, त्याच जागी. एखादा ओळखीचा काळा खडा मूळ फोटोत कुठे होता ते बघून ठेवा आणि इथे शोधा. म्हणजे फेजने आपलं काम चोख केलं होतं. कोणता कण कुठे, हे त्याने सांभाळलं होतं. पण आपण वाळू ओळखतो ती कोणता कण कुठे आहे यावरून नाही. आपण ओळखतो कणांचं माप, त्यांची दाटी, आणि बारीक चढउतार मोठ्या चढउतारांच्या तुलनेत किती आहेत हे. आणि हे सगळं मॅग्निट्यूडमध्ये आहे.

याची दुसरी बाजूही करून बघा, मला ती जास्त पटवणारी वाटते. वाळूचं मॅग्निट्यूड ठेवा आणि फेज अगदी यादृच्छिक घ्या: adlabadal(valu, np.random.rand(*valu.shape)). वाळूच दिसेल. एकही कण मूळ जागी नाही, पण शेजारी ठेवून कोणाला दाखवलं तर तो म्हणेल, त्याच किनाऱ्यावरचा दुसरा फोटो. (इथे rand मुद्दाम घेतलंय, randn नाही. randn ची सरासरी ऋण निघाली तर शून्य वारंवारतेचं फेज π होतं आणि अख्खं चित्र काळं पडतं. यावर माझा एक अख्खा दुपारचा वेळ गेला होता.) हाच प्रयोग मांजरावर केला तर मांजराचा मागमूसही उरत नाही.

म्हणजे मांजर असणं फेजमध्ये आहे आणि वाळू असणं मॅग्निट्यूडमध्ये. कुठली वाळू, हे पुन्हा फेजमध्ये. हे किती खरं ठरेल ते तुमच्या फोटोवर अवलंबून आहे. वाळूत एखादं पाऊल उमटलेलं असेल, तिरप्या उन्हात वाऱ्याच्या लाटा असतील, किंवा चार मोठे खडे असतील, तर त्यांना कडा आहेत, त्यांचं फेज यादृच्छिक नाही, आणि ते खडे ढगांतही डोकं वर काढतील. विटांची भिंत हाही पोतच, पण यादृच्छिक फेजने ती परत येत नाही. नुसत्या गढूळ पट्ट्या येतात, कारण विटेला सरळ कड आहे. विणलेलं कापड मधे कुठेतरी पडतं. धागे दिसण्याइतक्या जवळून काढलं तर विटेसारखं वागतं, लांबून काढलं तर वाळूसारखं.

उलटी जोडी, म्हणजे वाळूचं मॅग्निट्यूड आणि मांजराचं फेज, तुम्ही लिहिलेली नाही. तिथे मांजर दिसलं असेल, पण कडा उठावदार, अंग पोकळ, आणि वर एक चरचरीत थर. हे वरच्या 'सगळीकडे १' वाल्या चित्राचंच भावंड आहे, कारण वाळूचं मॅग्निट्यूड सपाटाच्या जवळ आहे.

आता रेघा. त्यांचा वाळूशी संबंध नाही, त्या मांजराच्या फोटोतून आल्या. असतत नमुन्यांचं फूरिये चित्राला सगळीकडे पुन्हापुन्हा चिकटवलेली फरशी समजतं, त्यामुळे डावी कड उजव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला टेकते. वर उजेड असलेली भिंत आणि खाली गडद जमीन असेल, तर त्या सांध्यावर एक जोरदार खोटी उडी तयार होते. मॅग्निट्यूड पाहिलं तर मधोमध अधिक चिन्हासारखा उजळ क्रॉस दिसतो, तो याच उड्यांचा. मांजराचं स्वतःचं फेज जागेवर असतं तेव्हा क्रॉसमधल्या सगळ्या लहरी नेमक्या कडेवर एकत्र येतात आणि दिसत नाहीत. वाळूचं फेज लावलं की त्या लहरींना कुठे जमायचं ते कळत नाही, त्या चित्रभर पसरतात. वर-खालच्या उडीतून आडव्या रेघा येतात, डाव्या-उजव्या उडीतून उभ्या.

उपाय म्हणजे फूरियेआधी दोन्ही चित्रांतून सरासरी वजा करा आणि हॅन खिडकीने गुणा (दोन बाजूंच्या np.hanning चा np.outer), म्हणजे चारही कडा हळूहळू शून्यावर येतात. कोपरे विझतील, ते या प्रयोगापुरतं सोसा. मग पुन्हा अदलाबदल करा. रेघा गेल्या तर त्या सांध्याच्या होत्या. काही उरल्या तर त्या दृश्यातल्याच, म्हणजे टेबलाची कड, खिडकीची चौकट अशा सरळ रेषांच्या, आणि त्या खऱ्या आहेत.

शून्य मॅग्निट्यूडच्या फेजबद्दल वर बोलायचं ठेवलं होतं. फोटोत नेमकं शून्य क्वचितच येतं, कारण कॅमेऱ्याचा गोंगाट सगळीकडे थोडाथोडा असतो. पण संगणकाने काढलेलं चित्र, म्हणजे पांढऱ्यावर काळा चौकोन किंवा नेमके पट्टे, यात शेकडो सहगुणक गणिताने शून्य असतात आणि हिशेबाच्या पूर्णांकनामुळे तिथे १०^−१३ सारखं काहीतरी उरतं. त्या उरलेल्या कचऱ्यालाही कोन असतो. अदलाबदलीत तुम्ही त्या कोनाला मांजराचं भरघोस मॅग्निट्यूड देता, म्हणजे कचऱ्याच्या हातात मोठा बाण देता. इथेच ती तिसरी छापलेली ओळ कामाला येते. कचऱ्याच्या कोनांत समोरासमोरच्या जोड्या एकमेकांच्या नेमक्या उलट असतीलच असं नाही, त्यामुळे काल्पनिक भाग फुगतो. तो फुगलेला दिसला की चित्राचा अर्थ लावत बसू नका. ज्या सहगुणकांचं मॅग्निट्यूड कमाल किमतीच्या १०^−१० पटीपेक्षाही कमी आहे, तिथे फेज घेऊ नका, सरळ शून्य ठेवा.

माझी फसगत मात्र खऱ्या फोटोंवर झाली होती. सूक्ष्मदर्शकातून एकामागून एक काढलेल्या प्रतिमा जुळवायच्या होत्या आणि त्यासाठी फेज सहसंबंध वापरला, म्हणजे मॅग्निट्यूड टाकून देऊन फक्त फेजच्या फरकावरून सरक मोजायची. नमुना उघड सरकलेला दिसत होता, तरी उत्तर दर वेळी शून्य यायचं. कारण संवेदकावरचा न हलणारा बारीक नक्षीचा गोंगाट. उंच वारंवारतेला नमुन्यातून जवळजवळ काहीच येत नव्हतं, तिथे हा गोंगाटच होता, आणि मॅग्निट्यूड काढून टाकल्यावर त्या हजारो क्षुल्लक सहगुणकांना मोठ्यांइतकंच मत मिळालं. सगळ्यांनी मिळून सांगितलं, काही सरकलेलं नाही. उंच वारंवारता कापून टाकल्यावर सरक नीट आली. मॅग्निट्यूड फेकून देताना आपण कुठल्या फेजवर विश्वास ठेवावा याची माहितीही फेकतो, हे मला तेव्हा कळलं.

दोन जोड्या अजून करून बघण्यासारख्या आहेत, दोन्हींत मॅग्निट्यूड उघडपणे वरचढ ठरतं. पहिली, मांजराचं फेज आणि एकसारख्या पट्ट्यांचं मॅग्निट्यूड. पट्ट्यांचं सगळं बळ मोजक्या टोकांवर असतं, बाकी जवळजवळ शून्य. तेवढ्या टोकांपुरतंच मांजराचं फेज वापरलं जातं, उरलेलं वाया जातं. दिसतात ते पट्टेच, थोडे सरकलेले. 'फोटोंचे मॅग्निट्यूड सारखेच असतात' ही अट इथे मोडली, आणि तिच्याबरोबर नियमही.

दुसरी जोडी मांजर आणि जिना हीच, पण अदलाबदल अख्ख्या चित्रावर न करता तुकड्यांवर. चित्राचे ६४×६४ चे चौकोन पाडा आणि प्रत्येकाची वेगळी अदलाबदल करून परत जोडा. मग ३२, १६, ८, ४ असं खाली या. सुरुवातीला फेजवाल्याचं राज्य असेल. तुकडे लहान होत गेले की मॅग्निट्यूडवाला हळूहळू वर येऊ लागेल, कारण कुठे काय आहे यातला मोठा भाग आता कोणता तुकडा कुठे आहे यातच गेला, आणि तुकड्याची जागा फेज सांगत नाही. शेवटी १×१ च्या तुकड्यात एकच सहगुणक उरतो, धन पिक्सेलचं फेज शून्य असतं, आणि अदलाबदलीनंतर जसंच्या तसं मॅग्निट्यूडवाल्याचं चित्र परत येतं. मधे कुठल्या मापाला पारडं फिरतं ते तुमच्या फोटोंतल्या बारकाव्यांच्या मापावर ठरेल. मांजर चौकटभर असेल तर एक उत्तर, कोपऱ्यात लहानसं बसलेलं असेल तर दुसरं. तुमच्या जोडीला ते कुठे फिरलं ते इथे लिहा, आणि खिडकी लावल्यावर रेघा गेल्या का तेही.